वर्षभर जुन्या कॉफी बिया: शेवटी अशा कामी आल्या

कोथरूडच्या घरात पोह्यांच्या डब्यामागे चिकमंगळूरच्या बियांचं न फोडलेलं पाकीट सापडलं. भाजून तेरा महिने झालेले.

आधी तपासलं, कारण पुण्याच्या पावसाळ्यात दमट हवा कुठेही शिरते. बिया कोरड्या, कडक, दाताखाली कट्कन फुटणाऱ्या. बुरशी नाही, कुबट वास नाही. म्हणजे प्यायला हरकत नाही. बुरशी किंवा ओल दिसली असती, तर सरळ फेकल्या असत्या.

चव मात्र मेलेली. गाळणीत गरम पाणी ओतलं तर फेस फुगलाच नाही, कारण आतला वायू केव्हाच उडालेला. कप ओल्या पुठ्ठ्यासारखा लागला. बारीक दळून पाहिलं, पूड वाढवली; नुसता कडूपणा वाढला. दोन दिवस वैताग.

जमलं ते असं: ६० ग्रॅम बिया जाड रव्याएवढ्या दळल्या, बरणीत ५०० मिली गार पाणी घालून ढवळलं, झाकण लावून १४ तास फ्रिजमध्ये ठेवलं. मग सुती कापडातून गाळलं, न पिळता. पिळलं की गाळ उतरतो. या अर्कात तेवढंच गार दूध आणि चमचाभर साखर.

सुगंध परतला नाही, पण पुठ्ठा गेला. खवट तेलाचा वास येणाऱ्या बियांना मात्र हा उपाय लागू नाही.