वाक्याचे घटना-सूत्र कसे मांडावे

वाक्याचा अर्थ तर्कशास्त्राच्या चिन्हांत घटनेच्या आधारे लिहिला की त्याचे घटना-सूत्र होते. एक वाक्य घेऊ: ‘सुमनने रात्री विळीने भोपळा चिरला.’ तत्त्वज्ञ डोनाल्ड डेव्हिडसन यांनी 1967 मध्ये सुचवले की अशा वाक्यात एक न बोललेला घटक असतो, घटना. तिला e म्हणू. त्यांनी मात्र कर्ता आणि कर्म क्रियापदाच्या कंसातच ठेवले होते. पुढे टेरेन्स पार्सन्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी तेही सुटे केले. इथे आपण हीच सुटी मांडणी करणार आहोत.

आधी क्रियापद लिहा. त्याच्या कंसात फक्त e येईल. मग प्रत्येक सहभागी वस्तूचे घटनेशी नाते वेगळ्या विधानात लिहा. शाळेतल्या व्याकरणातली कारकांची नावे इथे चालतात, पण प्रत्ययावर विसंबू नका. ‘सुमनने’ आणि ‘विळीने’ या दोन्हींत ‘ने’ आहे, तरी सुमन कर्ता आहे आणि विळी करण, म्हणजे साधन. त्यानंतर क्रियाविशेषण: ‘रात्री’ हेही घटनेविषयीचेच विधान. सगळी विधाने ‘आणि’ने (∧) जोडा आणि सुरुवातीला ‘अशी एक घटना आहे’ (∃e) असे लिहा. सोयीसाठी विळी आणि भोपळा ठरावीक वस्तू धरल्या आहेत.

```
∃e [चिरणे(e) ∧ कर्ता(e, सुमन) ∧ कर्म(e, भोपळा)
    ∧ करण(e, विळी) ∧ रात्री(e)]
```

आता तपासणी. कोणतेही एक विधान गाळले तरी उरलेले खरेच राहते. ‘रात्री’ गाळा: सुमनने विळीने भोपळा चिरला. कर्ता गाळा: भोपळा विळीने रात्री चिरला गेला. कर्ता क्रियापदाच्या कंसात अडकला असता, तर हे इतके सरळ जमले नसते.

उलट दिशेने मात्र जाता येत नाही. समजा, सुमनने अर्धा भोपळा सकाळी विळीने चिरला आणि उरलेला रात्री सुरीने. ‘विळीने चिरला’ खरे, ‘रात्री चिरला’ही खरे, पण ‘रात्री विळीने चिरला’ खोटे. त्या दोन विधानांमागे दोन वेगळ्या घटना आहेत. सूत्र हे आपोआप सांभाळते, आणि माझ्या मते या पद्धतीचे खरे बळ इथेच दिसते.

नकारात हमखास चूक होते. ‘सुमनने विळीने भोपळा चिरला नाही’ लिहिताना नकाराचे चिन्ह (¬) ∃e च्या आधी लावा: अशी घटनाच नाही. ते ∃e नंतर, कंसाआधी लावले तर ‘जी तशी नाही, अशी एक तरी घटना आहे’ एवढाच अर्थ उरतो. तो कुणी शिंकले तरी खरा ठरेल! शिवाय नकारात गाळण्याचा नियम चालत नाही, कारण सुमनने तो भोपळा सुरीने चिरला असेल.

‘जवळजवळ’ किंवा ‘म्हणे’ असे शब्द या साखळीत जोडू नका. ‘भोपळा जवळजवळ चिरला’ यातून तो चिरला असे निघत नाही, म्हणजे हा शब्द घटनेचा सुटा गुण नाही. ‘सावकाश’च्या बाबतीतही जपा: तीच हालचाल पोहणे म्हणून वेगवान आणि खाडी ओलांडणे म्हणून सावकाश असू शकते. तिथे ‘कशाच्या मानाने सावकाश’ हे सूत्रात वेगळे नोंदवावे लागते.