हिमरू शालीच्या दशा हाताने न निवडता वेगळ्या करणे

छत्रपती संभाजीनगरच्या हिमरू शालीचे छायाचित्र विक्रीसाठी कापून घेताना खरी अडचण काठाच्या सुट्या दशांची असते, कारण प्रत्येक धाग्याभोवती हाताने निवड करणे जवळजवळ अशक्य असते. त्याऐवजी कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवून फोकस, एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल ठेवावेत, शालीचे एक छायाचित्र घ्यावे आणि कशालाही धक्का न लावता शाल काढून त्याच रिकाम्या पार्श्वभूमीचे दुसरे घ्यावे.

गिंपमध्ये दोन्ही छायाचित्रे थर म्हणून उघडून वरच्या थराचा मोड `Difference` केला की जिथे दोन्ही चित्रे सारखी आहेत तिथे काळे आणि जिथे शाल आहे तिथे उजळ दिसते. `New from Visible` ने त्याचा नवा थर करून तो करडा करावा आणि `Levels` ने काळा बिंदू साधारण 15 ते 25 पर्यंत सरकवून कॅमेऱ्याचे बारीक दाणे घालवावेत आणि पांढरा बिंदू डावीकडे आणून शालीचा भाग पांढरा करावा, नाहीतर शाल अर्धपारदर्शक दिसते. `Threshold` येथे टाळावे, कारण त्याने दशांच्या कडा तुटक होतात. हाच थर शालीच्या थराला मास्क म्हणून लावावा, वरच्या थराचा मोड परत `Normal` करावा आणि बाकीचे थर लपवावेत.

सगळी पार्श्वभूमी करडी दिसली, तर मधल्या वेळात प्रकाश बदलला असे समजावे. खिडकीच्या उन्हात ढग आल्यास हेच होते. शालीची सावलीही फरक म्हणून उमटते, म्हणून शाल भिंतीपासून दूर टांगणे उत्तम. पार्श्वभूमीशी रंग जुळणाऱ्या नक्षीत मात्र भोके पडतात. ती मास्कवर पांढऱ्या ब्रशने भरावीत.