विसर्जनाचा रथ डावीकडे कलला तेव्हा

अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री सजावट पूर्ण झाली आणि आमच्या मंडळाचा टेम्पो डावीकडे कललेला दिसला. मागच्या चाकांपाशी टायरच्या माथ्यापासून हौद्याच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजले, तर डावीकडे ते ४ सेंटिमीटर कमी भरले. मूर्ती मधोमधच होती. दोष जनरेटरचा होता, कारण आवाज कमी यावा म्हणून आम्ही तो डाव्या कोपऱ्यात, मागच्या चाकांच्याही पलीकडे ठेवला होता.

आम्ही तो केबिनच्या पाठीमागे मधोमध आणून पट्ट्यांनी आवळला आणि धुराचा पाइप कापडापासून दूर, बाहेर काढला. त्यानंतरचा फरक १ सेंटिमीटरहून कमी होता.

तरीही गतिरोधकावर कमान बराच वेळ डुलत राहिली. लोखंडी अँगल केवळ तळाच्या चौकटीत ठेवून वरची कमान बांबूची केली, तेव्हा माथ्यावरचे वजन उतरले आणि डुलणे थांबले. झेंडूच्या माळांवर पाणी शिंपडले की त्या चांगल्याच जड होतात, म्हणून जाड तोरणे खालच्या कठड्याला, दोन्ही बाजूंना सारखी बांधली आणि कमानीवर एकेरी माळच ठेवली. मागचा सॅटिनचा पडदा वाऱ्याने शिडासारखा फुगत होता; त्याऐवजी जाळीचे कापड लावले.

मिरवणुकीत एकाच कठड्याला टेकून कोणी उभे राहू नये, हे मात्र कार्यकर्त्यांना प्रत्येक चौकात सांगावे लागले.