‘हात्तिच्या!’ म्हणायला लावणारं कोडं

माझं पहिलं काव्यकोडं मी शिकवते त्या सहावीच्या वर्गात फुटलं ते तिसऱ्या ओळीला. ‘फुटलं’ म्हणजे सुटलं नव्हे, सांडलं. वस्तू होती चाळणी.

गोल गोल माझा काठ
तळी भोकं दाटोदाट
माझ्यातून पडे पीठ
कोंडा राही आटोकाट

‘पीठ’ ऐकताच अर्धा वर्ग ओरडला, “चाळणी!” आणि चौथी ओळ वाचायची राहूनच गेली. एका अर्थी बरंच झालं, कारण ‘आटोकाट’ तिथे निव्वळ यमकासाठी येऊन बसलं होतं. प्रयत्न आटोकाट करतात, कोंडा आटोकाट कसा राहील?

त्यानंतर मी उलट्या टोकाला गेले. इतकं गूढ लिहिलं की कुणालाच सुटेना. शेवटी उत्तर सांगितलं, तर मुलं म्हणाली, “बरं.” हे ‘बरं’ फार लागतं. उत्तर कळल्यावर ऐकणाऱ्याच्या तोंडून ‘हात्तिच्या!’ निघालं तर कोडं जमलं. उत्तर आधीपासून समोर होतं आणि आपल्याला दिसलं नाही, एवढं सगळं त्या एका शब्दात येतं.

जुन्या कोड्यांना हे सहज साधायचं. “बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे” हेच घ्या. दात पांढरे असतात, जीभ लाल असते, यातलं त्यात काहीच नाही. दातांच्या रांगेची चिरेबंदी भिंत केली आणि आत नागीण सोडली. ऐकणारा पडका वाडा डोळ्यांसमोर आणतो आणि उत्तर कळतं तेव्हा ती नागीण त्याच्याच तोंडात वळवळत असते. वस्तू कशी दिसते याची यादी माझ्या कोड्यात होती, या कोड्यात नाही. ते एक खोटं चित्र उभं करतं आणि त्या चित्रातला शब्दन्‌शब्द खऱ्या वस्तूला लागू पडतो.

मग मी चाळणी घेऊन स्वयंपाकघरात बसले. कोडं लिहिणाऱ्यानं वस्तू आठवून लिहू नये, हातात घेऊन लिहावं. आठवणीत चाळणी गोल आणि भोकांची असते, बस. हातात घेतल्यावर कळलं की ती नुसती धरून काही होत नाही, कडेला तळव्यानं थापट्या माराव्या लागतात. तेव्हा कुठे खाली पिठाची बारीक सर लागते. मनगटावर पांढरी भुकटी बसते. चाळून झाल्यावर वर कोंडा उरतो, कधी एखादा किडाही. धुऊन पुसायला खिडकीपाशी धरली, तर जाळीतून उजेडाचे बारीक ठिपके दिसले.

या सगळ्यात मला भावली ती एक उलटी गोष्ट. माणूस चांगलं धरून ठेवतो आणि वाईट सोडतो, चाळणीचं बरोबर उलटं. कोड्याचा कणा असा विरोधात सापडला की अर्धं काम होतं. लिहिलं:

चांगले ते सोडुनिया
वाईटच धरी हाती
तरी घरच्या सुनेला
तिच्याविना नाही गती

आठ-आठ अक्षरांच्या ओळी. जोडाक्षर एकच अक्षर मोजायचं, म्हणजे ‘घरच्या’ तीन. हा साचा लहान अभंगाचा, कानाला ओळखीचा असतो, त्यामुळे ऐकणाऱ्याचं लक्ष अर्थाकडे राहतं. नवशिक्यानं इथूनच सुरुवात करावी.

हे कोडं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “गहू चाळताना उलट होतं की! खडे-माती खाली जाते, गहू वर राहतो.” मी गप्प. शेजारच्या काकू म्हणाल्या, “कोंडा वाईट कोण म्हणतं? डॉक्टर मला कोंड्यासकट खा म्हणाले.” वर्गात एका मुलीनं विचारलं, “सुनेलाच का, बाई?” आणि एका मुलानं ठामपणे उत्तर दिलं: “गाळणी.”

गाळणी! चहा खाली, चोथा वर. चारही ओळी तंतोतंत. कोड्याला दुसरं बरोबर उत्तर निघालं, तर दोष लिहिणाऱ्याचा असतो. त्या मुलाला मी पूर्ण गुण दिले. तेव्हापासून कोडं लिहिलं की मी आधी त्या वस्तूची भावंडं शोधते: चाळणीची गाळणी, सूप, झारा. प्रत्येक भावंडाला गळवणारा निदान एक शब्द कोड्यात हवा.

आणखी एक गोष्ट मराठीपुरती. आपल्याकडे वस्तूचं लिंग क्रियापदातून, सर्वनामातून फुटतंच. ‘ती’ म्हटलं की सूप आणि झारा आपोआप गळतात. काहीजण चकवण्यासाठी ‘तो’ लिहितात. ते मला पटत नाही, ती लबाडी झाली. लिंग खरं ठेवावं आणि चकवा चित्रात ठेवावा. गाळणी मात्र ‘ती’च असल्यानं लिंगानं गळेना.

तिला गळवायला एकच शब्द पुरला: कोरडी. चांगलं-वाईट काढून ‘हवे-नको’ केलं. त्यामुळे कोंड्याचा तंटा मिटला, कारण चाळताना तरी तो नको असतो. गव्हाचा प्रश्नही सुटला. ‘बरसे’ म्हटल्यावर खाली पडणारं बारीक आणि हवंसं असणार, म्हणजे पीठच, आणि ते नावानं सांगावंही लागलं नाही.

थाप गालावर बसे
तेव्हा कोरडी बरसे
हवे ते ती सोडी खाली
नको ते उराशी असे
धरा जरा उजेडाला
दिवसा चांदणे दिसे

ओळींचा क्रम दोनदा बदलला. आधी चांदण्याची ओळ वर होती, कारण मला ती फार आवडली होती. पण जाळी तिथेच उघडी पडत होती. आता पहिल्या दोन ओळींत रडणारी पोरगी दिसते, मधल्या दोन ओळींत विचित्र स्वभावाची बाई, आणि वस्तूच्या अंगाला हात लागतो तो शेवटी. सर्वांत ढळढळीत खूण शेवटी ठेवली की आधीच्या ओळी मागे वळून उलगडतात.

वाचण्याचीही एक रीत आहे. दोन ओळी म्हणून थांबायचं, तीन-चार उत्तरं येऊ द्यायची, आणि चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. दुसऱ्या तुकडीत वाचलं तेव्हा पहिल्या दोन ओळींना ‘बाहुली’ आणि ‘ढोलकी’ आली. ढोलकी ऐकून मला हेवा वाटला, थापेला ती किती नेमकी बसते! पण ‘कोरडी बरसे’शी ती अडली. चौथ्या ओळीनंतर सगळे गप्प. शेवटची ओळ म्हटली आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीचे दोन्ही हात हवेत गोल काहीतरी धरून हलायला लागले. नाव तिला आठवत नव्हतं, हातांना आठवलं होतं. शेजारणीनं ते हात पाहिले आणि किंचाळली, “हात्तिच्या, चाळणी!”

गाळणीवाला मुलगा मधल्या सुट्टीत भेटला. ‘कोरडी’ मुद्दाम घातलं ना, म्हणाला. हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं गाळणीवर स्वतःचं कोडं लिहून आणलं. यमक छान होतं, आणि पहिल्याच ओळीत ‘चहा’ होता.