पाठीचा टीबी आणि कमरेचा एमआरआय: या चुका टाळा

मणक्याच्या टीबीचा पेशंट माझ्यापर्यंत पोचतो तेव्हा त्याच्या पिशवीत बहुतेक वेळा तीन गोष्टी असतात: कमरेचा एमआरआय, इंजेक्शनांच्या चिठ्ठ्या आणि कमरेचा पट्टा. सगळं कमरेचं, आणि आजार पाठीत. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता तिच्याबद्दल सविस्तरच लिहितो.

तासगाव भागातल्या बेचाळीस वर्षांच्या एक ताई मुलाच्या खांद्यावर हात टाकून ओपीडीत आल्या. द्राक्षबागेत मजुरी करणाऱ्या. ऑक्टोबर छाटणीपासून पाठ दुखत होती, त्यामुळे घरच्यांनी, गावातल्या डॉक्टरांनी आणि त्यांनी स्वतःही कामालाच दोष दिला. 'मणक्यात गॅप आहे' असं कुणीतरी सांगितलं. पाच महिन्यांत तीन ठिकाणं झाली, स्टिरॉइडची इंजेक्शनं झाली, कमरेचा एमआरआय झाला. त्यात एल ४-एल ५ ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी थोडी फुगलेली दिसली आणि मग सगळे उपचार त्या गादीवर सुरू झाले. चाळिशीनंतर अशी थोडीफार फुगलेली गादी कितीतरी धडधाकट माणसांच्या एमआरआयमध्ये सापडते.

मी विचारलं, "ताई, नेमकं कुठं दुखतं? बोट ठेवून दाखवा." त्यांनी हात मागं नेला आणि ब्लाऊजच्या पट्टीच्या जरा खाली बोट टेकवलं. म्हणजे पाठीच्या मधोमध. कंबर तिथून वीतभर खाली. तिथून दुखणं बरगड्यांच्या कडेनं पुढं छातीखाली यायचं, म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्याही चालू होत्या. रात्री कूस बदलताना जाग यायची. ताप विशेष नव्हता. वजन मात्र ४७ वरून ४१ किलोवर आलं होतं. जाता जाता त्या म्हणाल्या, "पायातनं चप्पल कवा निसटती कळतच न्हाई बघा, डॉक्टर."

चप्पल निसटण्याचं हे वाक्य ऐकलं की मी पेशंटला लगेच टेबलावर घेतो. पाठीच्या कण्यावरून अंगठा वरून खाली फिरवला तर एक गाठ जरा वर आलेली लागली. त्यावर हलकी टिचकी मारली तर त्या कळवळल्या. घोटा झटकन वर दाबला तर पाऊल थडथड उडत राहिलं आणि तळव्यावर किल्ली ओढली तर अंगठा वर गेला. ही लक्षणं मज्जारज्जूवर दाब असल्याची. मोठ्या माणसात मज्जारज्जू पहिल्या कंबर-मणक्यापाशीच संपतो, त्याखाली फक्त नसांचा जुडगा असतो. त्यामुळे एल ४-एल ५ ची गादी कितीही फुगली तरी पाऊल असं थडथडणार नाही. एमआरआयचा रिपोर्ट आणि पेशंटचा पाय यांचं जमत नसेल तर मी पायावर विश्वास ठेवतो.

पूर्ण मणक्याचा एमआरआय केला. डी ८ चा, म्हणजे पाठीच्या आठव्या मणक्याचा खालचा आणि डी ९ चा वरचा भाग कुरतडलेला, मधली गादी दबलेली पण अजून शिल्लक. कण्याच्या पुढच्या पट्ट्याखालून डी ६ पासून डी ११ पर्यंत पसरलेला, पातळ भिंतीचा पू, आणि त्याचाच एक भाग मागं मज्जारज्जूवर टेकलेला. टीबीचं हे नेहमीचं चित्र. वरच्या मणक्याचा खालचा भाग आणि खालच्याचा वरचा भाग यांना रक्त एकाच धमनीतून जातं, म्हणून जंतू शेजारच्या दोन मणक्यांत बसतो. मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःचं रक्त नसतं, त्यामुळे ती सुरुवातीला तग धरते. साध्या पूजनक जंतूंच्या संसर्गात उलट होतं: गादी लवकर विरघळते, ताप जोरात येतो आणि पुवाची भिंत जाड, ओबडधोबड असते. कॅन्सर पसरून आलेला असेल तर गादी बहुधा शाबूत राहते आणि मणक्याचा मागचा भागही खाल्लेला दिसतो.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते पुढंच. त्यांच्या पिशवीत तीन महिन्यांपूर्वीचा छातीचा एक्स-रे होता. फुप्फुसं स्वच्छ, म्हणून तो नॉर्मल म्हणून बाजूला पडला होता. उजेडात धरला तर हृदयाच्या सावलीमागं कण्याच्या दोन्ही बाजूंना चातीसारखी फुगलेली सावली दिसत होती. तो पूच होता. मणक्याचं हाड साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं झिजल्याशिवाय एक्स-रेवर दिसत नाही हे खरं, पण पुवाची सावली त्याआधी दिसू शकते. शोधणाऱ्याला.

म्हणून माझी सवय सांगतो. पाठ-कंबर सहा आठवड्यांपेक्षा जास्त दुखत असेल, रात्री किंवा पडल्यावरही दुखत असेल, वजन घटलं असेल, तर शर्ट वर करून पूर्ण कण्यावर टिचकी मारायची, घोटा आणि तळवा बघायचा. दोन मिनिटं लागतात. एमआरआय लिहायचाच असेल तर दुखऱ्या भागाचा नीट, आणि सोबत पूर्ण मणक्याचं स्क्रीनिंग. टीबी कधीकधी मधले मणके सोडून दुसरीकडेही बसलेला असतो.

दुसरी चूक: एमआरआयवर 'टीबी वाटतो' असं आलं की त्याच संध्याकाळी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं सुरू. मला ही घाई अजिबात पटत नाही. एमआरआय जंतूचं नाव सांगत नाही, औषध लागू पडेल का हे तर नाहीच नाही. जत-आटपाडीकडचा मेंढपाळ असेल, कच्चं दूध पिणारा असेल, तर ब्रुसेला हुबेहूब असंच दिसू शकतो आणि त्याची औषधं वेगळी. म्हणून आधी सीटी मशीनखाली सुईनं तुकडा काढायचा. पाय झपाट्यानं लुळे पडत असतील तर थांबायला वेळ नसतो, पण तेव्हाही ऑपरेशनच्या टेबलावर नमुना घेता येतो.

आणि नमुना घेतल्यावर तो सगळा फॉर्मालिनच्या बाटलीत घालू नका. हे मी कळवळून लिहितोय. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाची बायोप्सी अशी वाया गेली होती. पॅथॉलॉजीत टीबीसारख्या गाठी दिसल्या, पण फॉर्मालिननं जंतू मेलेले, त्यामुळे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, लावताच आलं नाही. तीन महिने औषधं घेऊनही तो खंगत गेला. पुन्हा सुई घातली तेव्हा कळलं की रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध त्याच्या जंतूला लागूच पडत नव्हतं. पहिल्याच दिवशी दोन बाटल्या ठेवल्या असत्या तर ते तीन महिने वाचले असते. एक तुकडा फॉर्मालिनमध्ये पॅथॉलॉजीला, बाकीचे साध्या सलाइनमध्ये सीबीनॅट आणि कल्चरला. सीबीनॅट ही जंतूचे जनुक शोधणारी तपासणी, ती त्याच दिवशी निकाल देऊ शकते आणि रिफाम्पिसिनचा प्रतिरोधही सांगते. कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत लागतात. मात्र हाडाच्या टीबीत जंतू मोजकेच असतात, त्यामुळे सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं ठरवू नका.

ताईंचं सीबीनॅट पॉझिटिव्ह आलं, प्रतिरोध नव्हता. वजन ४१ किलो, म्हणून वजनगटाप्रमाणे रोज चार औषधांच्या एकत्रित तीन गोळ्या, सोबत पायरिडॉक्सिन, म्हणजे बी ६ जीवनसत्त्व. निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद केली, औषधं सरकारी केंद्रातून मोफत मिळाली.

आता मुदतीची चूक. फुप्फुसाचा टीबी सहा महिन्यांत बरा होतो हे सगळ्यांना पाठ असतं, म्हणून सहाव्या महिन्यात पेशंट, कधी डॉक्टरही, गोळ्या बंद करतात. दुखणं थांबलेलं असतं, बागेत कामाला माणूस हवा असतो. हाडासाठी आपल्याकडे पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढं दहा महिने तीन औषधं, असं वर्षभर चालवतात. गरज वाटली तर दीड वर्षापर्यंत. त्यातलं इथॅम्ब्युटॉल वर्षभर पोटात जातं आणि ते डोळ्याच्या नसेला बाधू शकतं, म्हणून दर भेटीला नजर आणि लाल-हिरवा रंग ओळखता येतो का ते विचारा.

तिसऱ्या महिन्यात ताईंनी पाहुण्यांच्या आग्रहावरून दुसरीकडं पुन्हा एमआरआय काढला. पू तसाच, हाडातली सूज थोडी वाढलेली. 'औषध लागू पडत नाही, ऑपरेशन करा' असा सल्ला मिळाला आणि त्या रडत आल्या. मी तक्ता समोर ठेवला. वजन ४५, रक्तातली सूज दाखवणारा ईएसआर ८८ वरून ४०, रात्रीची झोप लागतेय, चालताना आधार नको. हे सगळं सुधारत असताना एमआरआय मागं राहतो, सुरुवातीला तर कधी जास्तच बिघडलेला दिसतो. एका फिल्मवरून औषध बदलू नका आणि चाकूही उचलू नका. तब्येतच सुधारत नसेल तेव्हा मात्र पुन्हा नमुना घ्या.

ऑपरेशनबद्दल दोन्हीकडचा उतावळेपणा दिसतो. काहींना मणका दिसला की स्क्रू दिसतात, काहींना ऑपरेशनच्या नावानं पेशंट महिनोन्महिने अंथरुणावर ठेवावासा वाटतो. बनारसच्या डॉ. तुलींनी दाखवलेला मधला मार्ग मला अजूनही पटतो: सगळ्यांना औषध आणि विश्रांती, ऑपरेशन ठरावीक कारणांसाठी. ताईंच्या पायाची ताकद पाचपैकी चार होती आणि त्या आधारानं चालत होत्या, म्हणून दाखल करून मी दर दिवसाआड स्वतः ताकद तपासत होतो. दुसऱ्या आठवड्यापासून ती वाढत गेली, म्हणून ऑपरेशन टळलं. औषध चालू असताना ताकद घटली असती, किंवा तीन-चार आठवड्यांत हललीच नसती, तर मी ऑपरेशन केलं असतं. पाय पूर्ण लुळे किंवा लघवी बंद झालेला पेशंट आला तर वाट पाहत नाही. मणका अस्थिर असेल, कुबड ६० अंशांपुढं गेलं असेल किंवा तिकडं जाईल असं दिसत असेल, मानेतला पू श्वास-गिळणं अडवत असेल, किंवा सुईनं निदानच होत नसेल, तरीही ऑपरेशन लागतं.

काही चुका एका ओळीत. ईएसआर नॉर्मल म्हणून टीबी नाही असं समजू नका. कारण न कळता लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिहू नका, टीबीचे जंतू अर्धवट दबतात आणि तपासण्या फसतात. वर आलेल्या गाठीवर मालीश करून किंवा ट्रॅक्शन लावून घेऊ नका. जांघेत उतरलेली टीबीच्या पुवाची थंड गाठ चिरू नका, ती महिनोन्महिने वाहत राहते. निरोगी कातडीतून तिरकी सुई घालून पू ओढता येतो.

बाराव्या महिन्यात ताईंच्या एमआरआयवर पू नव्हता आणि मणक्यात चरबीची पांढरी झाक परत आली होती. गोळ्या बंद केल्या. पुढची दोन वर्षं मी दर सहा महिन्यांनी उभ्यानं एक्स-रे काढून कुबडाचा कोन मोजतो. मुलांना मात्र वाढ पूर्ण होईपर्यंत बोलावतो, कारण टीबी बरा झाल्यावरही वाढत्या वयात त्यांचं कुबड वाढत जाऊ शकतं.