मंडळाचं मराठी-इंग्रजी वार्तापत्र: दोन्हीकडे एकच तारीख कशी राहील

परदेशातल्या मंडळाचं वार्तापत्र दोन भाषांत काढायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: आधी मराठीत लिहा, मग कुणाकडून तरी त्याचं इंग्रजी करून घ्या. हा सल्ला मानू नका. बुधवारी हॉल बदलतो, संपादक मराठी मजकुरात दुरुस्ती करतात आणि इंग्रजीत जुनाच पत्ता राहतो. मग मराठी वाचणारे आजी-आजोबा एका शाळेच्या दारात उभे असतात आणि इंग्रजी वाचणारा नातू दुसऱ्या. मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मंडळांसाठी हे काम बरीच वर्षं करतो आहे, म्हणून उदाहरणं तिथलीच देतो.

१. आधी तपशिलाचा तक्ता

प्रत्येक कार्यक्रमासाठी एक ओळ करा: वार आणि तारीख, सुरू होण्याची व संपण्याची वेळ, झिप कोडसह पत्ता, शुल्क, नावनोंदणीची शेवटची तारीख. हा तक्ता सगळ्यांना दिसेल असा ठेवा, पण त्यात बदल फक्त कार्यक्रमप्रमुखाने करावा. मराठी आणि इंग्रजी लिहिणारे दोघंही इथूनच माहिती उचलतील, एकमेकांच्या मजकुरातून नाही.

२. तारखा

हा टप्पा मला सुरुवातीला फार जड गेला आणि अजूनही सगळ्यात जास्त वेळ यालाच देतो. कारण मंडळाच्या एका सणाला तीन तारखा असू शकतात.

२०२४ चा गणेशोत्सव घ्या. भारतातल्या दिनदर्शिकेत गणेश चतुर्थी शनिवारी, ७ सप्टेंबरला होती. चतुर्थी तिथी भारतीय वेळेनुसार ६ तारखेला दुपारी ३ च्या सुमारास लागली आणि ७ तारखेला संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास संपली. गणपती बसवायला मध्याह्नी चतुर्थी असलेला दिवस धरतात, म्हणून भारतात ७ तारीख. न्यूयॉर्क तेव्हा भारताच्या साडेनऊ तास मागे होतं. तिथे हीच चतुर्थी ६ तारखेला पहाटे साडेपाचला लागली आणि ७ तारखेला सकाळी ८ च्या सुमारास संपली. म्हणजे मध्याह्नीची चतुर्थी तिथे शुक्रवारी, ६ तारखेला. आता मंडळाला हॉल मिळाला पुढच्या शनिवारचा, १४ तारखेचा, असं धरा. मराठी लिहिणाऱ्याने पुण्याहून आलेली दिनदर्शिका बघून ‘गणेश चतुर्थी, ७ सप्टेंबर’ लिहिलं आणि इंग्रजी लिहिणाऱ्याने तक्त्यातून १४ घेतली, तर एकाच पानावर दोन तारखा येतात. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात, त्यामुळे तपासणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

यावर माझा नियम पक्का आहे. ठळक अक्षरांत फक्त मंडळाच्या कार्यक्रमाची तारीख द्यायची. घरच्या पूजेसाठी तिथी सांगायचीच असेल तर ती वेगळ्या ओळीत, साध्या अक्षरांत, आणि आपल्या गावाच्या पंचांगावरून घ्यायची. पंचांगाच्या संकेतस्थळांवर शहर निवडता येतं, तिथे आपलं शहर निवडा. संकष्टीचा चंद्रोदय तर नेहमी स्थानिकच हवा. मुंबईची वेळ छापली तर उपास करणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. भारतातली तारीख वार्तापत्रात देऊच नका. ‘भारतात अमुक, आपल्याकडे तमुक’ अशी दुहेरी ओळ समजुतीची वाटते, पण घाईत वाचणारा पहिली दिसलेली तारीखच लक्षात ठेवतो.

महिना आकड्यात कधीही लिहू नका. ‘०७/०९’ ही आपल्यासाठी ७ सप्टेंबर, पण अमेरिकेत वाढलेल्या मुलांसाठी ९ जुलै. महिन्याचं नाव अक्षरांत आणि सोबत वार, दोन्ही भाषांत. वार आणि तारीख जुळत नसेल तर चूक तिथेच पकडता येते, म्हणून वार गाळायचा नाही.

आकडे कोणते वापरावेत यावर मंडळात वाद होतो. माझं मत स्पष्ट आहे: तारीख, वेळ, शुल्क आणि पत्ता यांत मराठी मजकुरातही इंग्रजी आकडे. मराठी शाळेत जाणारी मुलंसुद्धा ‘१’ हा नऊ आणि ‘४’ हा आठ असा वाचतात. बाकी लेखात देवनागरी आकडे खुशाल ठेवा.

वेळेचा सापळा दिवाळीच्या आसपास असतो. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात; २०२४ मध्ये तो दिवस ३ नोव्हेंबर, म्हणजे ऐन दिवाळीचा शनिवार-रविवार. पुण्यातल्या गायकाचा ऑनलाइन कार्यक्रम तिकडच्या रात्री साडेआठला असेल, तर २ नोव्हेंबरला तो न्यूयॉर्कमध्ये सकाळी ११ ला दिसतो आणि ३ तारखेला १० वाजता. वार्तापत्र ऑक्टोबरात लिहिलं जातं, तेव्हा सगळे सवयीने साडेनऊ तासच वजा करतात. वजाबाकी कार्यक्रमाच्या दिवसाच्या फरकाने करा. तक्त्यात दोन्ही वेळा लिहा, छापा मात्र स्थानिकच.

३. मजकूर

इथे दोन्ही भाषांना मोकळं सोडा. वाक्याला वाक्य जुळवायची गरज नाही, कारण वाचक वेगळे आहेत. मराठीत ‘हळदीकुंकू, वाण आणावे’ एवढं पुरतं. इंग्रजी वाचणाऱ्या जावयाला किंवा सुनेला हे कोणासाठी आहे, सोबत काय न्यायचं, मुलांना आणलं तर चालेल का, हे सांगावं लागतं. दोन-तीन वाक्यं जास्त झाली तर होऊ द्या.

टायपिंग युनिकोडमध्येच हवं. जुन्या फाँटमधला मजकूर ई-मेलमध्ये चिकटवला की समोरच्याला नुसती चिन्हं दिसतात.

४. मांडणी

डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी असे दोन रकाने करू नका. फोनवर एका ओळीत दोन शब्द उरतात. आधी अख्खं मराठी आणि खाली अख्खं इंग्रजी हेही नको. जीमेल साधारण १०२ किलोबाइटच्या पुढचा मजकूर कापतं आणि खाली `[Message clipped]` दाखवतं. कापलं जाणार ते नेमकं इंग्रजी. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं: ‘मराठी’ हा शब्द पंधरा बाइटचा, इंग्रजी लिपीत तोच सात बाइटचा. त्यातून सजावटीचा कोड त्याहून जड असतो. म्हणून कार्यक्रमागणिक जोडी करा: वर ठळक तपशील, त्याखाली मराठी परिच्छेद, त्याखाली इंग्रजी, मग पुढचा कार्यक्रम. सगळं एका चित्रात घालून पाठवणं टाळा. चित्रातला पत्ता नकाशात उघडत नाही आणि नंतर शोधताही येत नाही.

५. तपासणी आणि पाठवणं

दोन माणसं बसवा. एकाने मराठीतले आकडे, वार आणि पत्ते मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने इंग्रजीत टिक करायची. कार्यक्रमप्रमुखाला यात घेऊ नका; त्याला तारीख पाठ असते, त्यामुळे तो छापलेलं न वाचता आठवलेलं वाचतो. मग स्वतःच्या जीमेलवर पाठवून फोनवर शेवटपर्यंत सरकवून बघा.

पाठवल्यावर बदल झाला तर आधी तक्ता बदला, मग दोन्ही मजकूर. दुरुस्तीचं पत्र नव्याने पाठवा, विषयाच्या ओळीत ‘दुरुस्ती’ हा शब्द दोन्ही भाषांत सर्वांत आधी, आणि आत फक्त बदललेल्या कार्यक्रमाचा पूर्ण तपशील द्या. जुनी चुकीची तारीख त्यात पुन्हा छापू नका.