‘म्हणून’ दिसलं की थांबा: वाक्याचे प्रकार ओळखताना मी कुठे अडकलो

केवल, संयुक्त, मिश्र या तिन्ही व्याख्या तुम्हाला पाठ असतील, मलाही होत्या. तरीही स्पर्धा परीक्षेच्या दोन प्रयत्नांत याच घटकावर माझे गुण गेले. दुसऱ्या वेळी उत्तरतालिका पाहून मी किती वेळ सुन्न बसलो होतो ते अजून विसरलेलो नाही.

क्लासमध्ये आम्हाला यादी दिली होती. आणि, पण, किंवा, म्हणून आलं की संयुक्त. की, कारण, जर-तर आलं की मिश्र. ही यादी आजही नोट्समधून फिरते. माझं स्पष्ट मत आहे की ती आधी फाडून टाका. उभयान्वयी अव्ययांची नावं माहीत हवीतच, पण अव्यय पाहून वाक्याचा प्रकार ठरवणं चुकीचं आहे.

ही वाक्यं पाहा.

पाऊस लांबल्यामुळे आबांनी पेरणी थांबवली.
पाऊस लांबला, म्हणून आबांनी पेरणी थांबवली.
बियाणं वाया जाऊ नये म्हणून आबांनी पेरणी थांबवली.

पहिलं केवल आहे. ‘लांबल्यामुळे’ हे धातुसाधित आहे, त्याने विधान पूर्ण होत नाही. क्रियापद एकच, ‘थांबवली’. दुसरं वाक्य संयुक्त: पाऊस लांबला हे एक स्वतंत्र विधान, पेरणी थांबवली हे दुसरं, आणि ‘म्हणून’ परिणाम सांगतो. तिसऱ्यातही ‘म्हणून’च आहे, पण ते मिश्र आहे. इथे तो उद्देश सांगतो, आणि ‘बियाणं वाया जाऊ नये’ हे पेरणी का थांबवली याचं उत्तर देणारं गौण वाक्य आहे. मी तिसऱ्याला संयुक्त म्हणत राहिलो, कारण माझ्या यादीत ‘म्हणून’ त्याच रकान्यात होता.

हा फरक मला शाळेतल्या माझ्या मराठीच्या बाईंनी दाखवला. सुट्टीत गावी गेलो होतो, त्यांच्या ओसरीवर वही उघडली. त्या म्हणाल्या, “अरे, ‘म्हणून’कडे बघू नकोस, त्याच्या आधीच्या क्रियापदाकडे बघ.” आधी ‘लांबला’, ‘आहे’, ‘येतो’ असं घडलेलं किंवा घडणारं काही असेल तर बहुधा परिणाम. ‘जाऊ नये’, ‘मिळावं’, ‘यावं’ असं इच्छेचं रूप असेल तर उद्देश. खात्रीसाठी ‘म्हणून’च्या जागी ‘आणि त्यामुळे’ घालून वाचायचं. “पाऊस लांबला आणि त्यामुळे आबांनी पेरणी थांबवली” बरोबर बसतं. “बियाणं वाया जाऊ नये आणि त्यामुळे पेरणी थांबवली” तोंडातच अडतं. वाक्यांची उलटापालट करून पाहण्याची युक्ती मात्र वापरू नका. बोलताना आपण “पेरणी थांबवली, पाऊस लांबला म्हणून” असंही म्हणतो, त्यामुळे तिने काहीच सिद्ध होत नाही.

आता मी वाक्य हातात आलं की आधी फक्त पूर्ण क्रियापदांखाली रेघ मारतो. ‘जाऊन’, ‘पडताना’, ‘आल्यावर’ यांना रेघ नाही. ‘वाचत बसला होता’ हे सगळं मिळून एक. रेघ एकच असेल तर केवल, विषय संपला. जास्त असतील तर प्रत्येक विधान स्वतंत्र काढून विचारतो: हे दुसऱ्याच्या पोटातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर आहे का? ‘काय’ला उत्तर देत असेल तर नामवाक्य, ‘कोणता’ला दिलं तर विशेषणवाक्य, ‘कधी, कुठे, का, कसं’ला दिलं तर क्रियाविशेषणवाक्य.

एवढं जमलं की घाबरण्यासारखं फारसं उरत नाही. पण हे वाक्य सोडवून बघा, माझं दुसऱ्यांदा गेलं ते असंच होतं: “आबा म्हणाले, की पाऊस लांबला म्हणून आम्ही पेरणी थांबवली आहे.”

रेघा तीन: म्हणाले, लांबला, थांबवली आहे. ‘की’ आणि ‘म्हणून’ दोन्ही आहेत, त्यामुळे यादीवाला गोंधळतो. प्रश्न विचारा: आबा काय म्हणाले? पुढचं सगळंच्या सगळं. म्हणजे ‘आबा म्हणाले’ प्रधान, उरलेलं नामवाक्य, वाक्य मिश्र. ‘म्हणून’ परिणामाचाच आहे, पण त्याने जोडलेली दोन विधानं त्या नामवाक्याच्या आत आहेत. म्हणून सर्वांत बाहेरचा सांधा आधी शोधा, आतले नंतर.

‘की’सुद्धा असाच फसवतो. “आबा आज पेरतील की उद्या पाहतील?” यात तो विकल्पाचा आहे आणि वाक्य संयुक्त आहे. इथे दोन्ही विधानं बरोबरीची आहेत, “काय?” असं विचारून एकाच्या पोटात दुसरं बसवता येत नाही.